कॉफीनंतरचं बीपी

बीपीची गोळी चालू असलेला माणूस दवाखान्यात गेला की त्याला मिठाचं विचारतात, झोपेचं विचारतात, चालायला जाता की नाही तेही विचारतात. गोळी चुकवत नाही ना, हे तर थोडं दरडावूनच विचारलं जातं. ‘येण्याआधी कॉफी घेतली होती का, आणि किती वेळापूर्वी?’ हा प्रश्न मात्र फार कमी ठिकाणी कानावर पडतो. खरं तर दंडाला पट्टा बांधायच्या आधी विचारायचा प्रश्न हाच आहे. त्याचं उत्तर ‘हो, आत्ताच’ असं आलं, तर मशिनवर दिसणारा आकडा त्या माणसाच्या नेहमीच्या बीपीचा म्हणता येत नाही. त्यात कॉफीचाही वाटा असतो.

हा वाटा किती, याचं बऱ्यापैकी नेमकं उत्तर आपल्याकडे आहे. 2011 साली स्पेनमधल्या संशोधकांनी उच्च रक्तदाब असलेल्या लोकांवर आधी झालेले प्रयोग एकत्र करून तपासले. या प्रयोगांत लोकांना एका वेळी 200 ते 300 मिलिग्रॅम कॅफिन दिलेलं होतं. वरचं बीपी सरासरी 8 आणि खालचं जवळजवळ 6 पॉइंट वाढलं. पहिल्या तासाभरातच वाढ दिसू लागली आणि ती तीन तास किंवा त्याहूनही जास्त टिकली. त्याच संशोधकांनी दोन-दोन आठवडे रोज कॉफी पिणाऱ्या लोकांवरचे प्रयोगही पाहिले. तिथे चित्र वेगळं निघालं. रोज कॉफी पिणाऱ्यांचं बीपी न पिणाऱ्यांपेक्षा किंवा कॅफिन काढलेली कॉफी पिणाऱ्यांपेक्षा जास्त आढळलं नाही.

म्हणजे एक कप बीपी चढवतो आणि रोजचा कप चढवत नाही, अशी दोन परस्परविरोधी वाटणारी विधानं एकाच अभ्यासातून आली, आणि दोन्ही खरी आहेत. वर्तमानपत्रात एका आठवड्यात ‘कॉफी बीपीला घातक’ आणि दुसऱ्या आठवड्यात ‘कॉफी हृदयाला चांगली’ असं छापून येतं, त्याचं बरंचसं कारण इथे आहे. एक बातमी पहिल्या तासाबद्दल बोलत असते, दुसरी पुढच्या काही आठवड्यांबद्दल किंवा वर्षांबद्दल.

आधी पहिल्या तासाचं बघू. 8 पॉइंट ऐकायला किरकोळ वाटतात. पण दवाखान्यात 140/90 ही रेघ धरतात. एखाद्याचं बीपी गोळीवर 134/84 राहत असेल, तर तो रेघेच्या आत आहे. त्याच माणसाने निघताना मोठा मग रिचवला आणि तासाभरात पट्टा बांधून घेतला, तर 142/90 दिसू शकतं. डॉक्टरांच्या समोर आता रेघ ओलांडलेला रुग्ण बसलाय. गोळीचा डोस वाढवायचा की दुसरी गोळी जोडायची, असा विचार त्यांच्या मनात येणं स्वाभाविक आहे. ज्यांचं बीपी 110 च्या घरात असतं, त्यांना अशी वाढ कळतही नाही आणि तिने त्यांचं काही अडतही नाही. शिवाय ती सगळ्यांची सारखी नसते. अमेरिकेत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजनाच्या हिशेबाने सारखंच कॅफिन दिल्यावर उच्च रक्तदाब असलेल्या पुरुषांचं बीपी, अगदी उत्तम बीपी असलेल्या पुरुषांच्या तुलनेत दीडपटीहून जास्त चढलं होतं. ज्याला वाढ परवडत नाही त्याचीच जास्त वाढते.

इथे एक हिशेब करून घ्यायला हवा, नाहीतर उगाच घाबरगुंडी उडेल. प्रयोगातले 200 ते 300 मिलिग्रॅम म्हणजे आपल्या घरातले किती कप? आपल्याकडे घराघरांतली कॉफी ही बऱ्याचदा कॉफी आणि चिकोरीचं मिश्रण असते. चिकोरी ही एका झाडाची भाजलेली मुळी. तिच्यात कॅफिन नसतं. अन्न सुरक्षेच्या नियमानुसार अशा मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के असावी लागते, म्हणजे पाकिटातली जवळजवळ निम्मी पूड चिकोरीची असू शकते. प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं, फक्त वाचायचे कष्ट घ्यावे लागतात. समजा, 70 टक्के कॉफी आणि 30 टक्के चिकोरीची 10 ग्रॅम पूड फिल्टरमध्ये टाकली. त्यात कॉफी झाली 7 ग्रॅम. अरेबिका जातीच्या बीमध्ये साधारण सव्वा टक्का कॅफिन असतं, रोबस्टात दोन टक्क्यांच्या पुढे. आपल्या देशात रोबस्टा जास्त पिकते. दोन्हींचं मिश्रण धरून मधला आकडा घेतला, तर त्या 7 ग्रॅममध्ये 110 ते 120 मिलिग्रॅम कॅफिन येईल, आणि तेही सगळंच्या सगळं डिकॉक्शनमध्ये उतरत नाही. एवढ्या डिकॉक्शनची दोन कप दुधाळ कॉफी होते. प्रत्येक कपात पन्नासच्या आसपास.

थोडक्यात, पाहुण्यांपुढे येणारी जायफळ घातलेली अर्ध्या कपाची कॉफी आणि प्रयोगातला 250 मिलिग्रॅमचा डोस यांची बरोबरी करू नये. 8 पॉइंटचा आकडा घरच्या एका कपाला जसाच्या तसा चिकटवता येत नाही. पण कॅफेमधल्या मोठ्या पेल्यातली दुधाशिवायची कॉफी किंवा रात्रभर थंड पाण्यात मुरवलेली कॉफी ही वेगळीच जात आहे. तिथे एका पेल्यात 150 मिलिग्रॅमच्या वर सहज जाता येतं. ऑफिसच्या यंत्रातून सकाळी दहाच्या आत दोन मग भरून घेणारे तर प्रयोगातल्या डोसच्या पंक्तीलाच बसतात. दूध घातल्याने कॅफिन मरतं, असं काही जण छातीठोकपणे सांगतात. तसं काही होत नाही. कपात दूध जास्त म्हणजे डिकॉक्शन कमी, म्हणून कॅफिन कमी, एवढाच त्याचा अर्थ.

आता बीपी चढतं कसं, ते पाहू. आपल्या शरीरात अ‍ॅडेनोसिन नावाचं एक द्रव्य सतत तयार होत असतं. ते पेशींवरच्या ठरावीक जागी जाऊन बसतं आणि बसलं की बऱ्याच ठिकाणच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, मेंदूला पेंग येते. कॅफिनचा रेणू अ‍ॅडेनोसिनसारखा दिसतो. तो त्याच जागा अडवतो, पण तिथे बसून अ‍ॅडेनोसिनचं काम मात्र करत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी तसा हा प्रकार. सीट भरलेली दिसते, बसलेलं कोणीच नसतं आणि खरा प्रवासी उभाच राहतो. अ‍ॅडेनोसिनला जागा मिळाली नाही, की रक्तवाहिन्या सैल पडण्याऐवजी आवळलेल्या राहतात आणि त्यांच्यातून रक्त ढकलायला जास्त दाब लागतो. शिवाय अंगातली अ‍ॅड्रेनलिनसारखी चेतवणारी द्रव्यंही वाढतात.

वाढ मुख्यतः रक्तवाहिन्या आवळल्यामुळे होते, नाडी वेगाने पळाल्यामुळे होत नाही. बऱ्याच लोकांची नाडी कॉफीनंतर आहे तेवढीच राहते, काहींची तर किंचित मंदावते. त्यामुळे ‘मला काही धडधड होत नाही, म्हणजे मला कॉफी चालते’ हे अनुमान कच्चं आहे. धडधड न होताही बीपी चढलेलं असू शकतं. ते पट्टा बांधल्याशिवाय कळत नाही.

मग रोज पिणाऱ्यांचं काय होतं? याचा मागोवा अमेरिकेतल्या नॅशव्हिलमधल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. 1978 साली त्यांनी कधीच कॉफी न पिणाऱ्या नऊ निरोगी तरुणांना 250 मिलिग्रॅम कॅफिन दिलं. तासाभरात बीपी 14/10 पॉइंटने वर गेलं, रक्तातलं अ‍ॅड्रेनलिन तिपटीच्या आसपास पोचलं. ही प्रतिक्रिया चांगलीच जोरकस होती. तीन वर्षांनी, 1981 मध्ये, याच गटाने पुढचा प्रश्न विचारला. हेच कॅफिन दिवसातून तीन वेळा, जेवणाखाणाबरोबर, सात दिवस देत राहिलं तर? एक ते चार दिवसांत शरीर त्याला जवळजवळ पूर्ण सरावलं. तोच डोस, तीच माणसं, पण बीपी हलेनासं झालं. याला वैद्यकात टॉलरन्स म्हणतात, आपण अंगवळणी पडणं म्हणू.

एवढ्यावर थांबलं तर गोष्ट फार सोपी होईल. रोज प्या, चार दिवसांत सरावाल, विषय संपला. कॉफीप्रेमी मंडळींना इथेच थांबायला आवडतं. पण 2004 मध्ये ओक्लाहोमा सिटीमधल्या विल्यम लोव्हालो यांच्या गटाने एक जास्त चोख प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना पाच दिवस रोज शून्य, 300 किंवा 600 मिलिग्रॅम कॅफिन दिलं आणि सहाव्या दिवशी प्रयोगशाळेत बोलावून 250 मिलिग्रॅमचा डोस देऊन बीपी मोजलं. निम्मी माणसं पूर्ण सरावलेली निघाली. उरलेल्या निम्म्यांचं बीपी, पाच दिवस रोज कॅफिन पोटात जाऊनही, सहाव्या दिवशी चढलंच. ही सगळी निरोगी माणसं होती, हे खरं. पण ‘मला वीस वर्षांची सवय आहे’ या वाक्यावर किती विसंबायचं, ते त्यातून कळतं. सवय असणं ही एक गोष्ट आणि सवयीने बीपी स्थिर राहणं ही दुसरी. पहिली असली की दुसरी असेलच असं नाही.

सरावलेपण टिकाऊही नसतं. कॅफिनचं अर्धं प्रमाण शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. रात्री सातला घेतलेल्या कपातलं सकाळी सातपर्यंत पाचवा हिस्साही उरत नाही. म्हणून दिवसातला सगळ्यांत ताकदीचा कप सकाळचा पहिला असतो, सराव झालेल्यांच्या बाबतीतही. खंड मोठा पडला तर सराव ओसरतो. चातुर्मासात कॉफी सोडणारी माणसं आजही आपल्यात आहेत. आषाढीला सोडली आणि कार्तिकी एकादशीनंतर पहिल्यांदा दोन कडक कप घेतले, तर त्या दिवशी त्यांचं शरीर नवख्यासारखं वागणार. त्याच आठवड्यात बीपी तपासायला गेलात, तर हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

कॅफिन शरीरातून जायचा वेगही माणसागणिक वेगळा असतो. यकृतातलं एक विकर ते काम करतं आणि काहींना जन्मतःच ते मंद चालणारं मिळालेलं असतं. सिगारेटने त्याचा वेग वाढतो, म्हणून धूम्रपान करणाऱ्यांचं कॅफिन लवकर उतरतं. यातून एक गंमतशीर अडचण उभी राहते. एखाद्याने डॉक्टरांचं ऐकून सिगारेट सोडली आणि कॉफी मात्र तेवढीच ठेवली, तर काही दिवसांत त्याच कपांमधून त्याच्या रक्तात आधीपेक्षा कितीतरी जास्त कॅफिन राहू लागतं. हात थरथरतात, झोप उडते आणि तो म्हणतो, सिगारेट सोडल्यापासूनच त्रास सुरू झाला. गर्भारपणात उलट होतं, शेवटच्या महिन्यांत कॅफिन तासन्‌तास रेंगाळतं. संततिनियमनाच्या गोळ्यांनीही ते जास्त वेळ राहतं.

कॉफी म्हणजे निव्वळ कॅफिन, असंही नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2005 मध्ये बऱ्याच चाचण्या एकत्र करून पाहिलं, तर रोज कॅफिनच्या गोळ्या घेणाऱ्यांचं वरचं बीपी सरासरी 4 पॉइंटने वाढलेलं होतं आणि रोज कॉफी पिणाऱ्यांचं जेमतेम 1 पॉइंटने. कॉफीतली इतर द्रव्यं कॅफिनचा जोर थोडा बोथट करत असावीत. दुसरीकडे, 2002 मध्ये झ्युरिकमध्ये पंधरा जणांवर केलेल्या प्रयोगात कॉफीची सवय नसलेल्यांचं वरचं बीपी कॅफिन काढलेल्या कॉफीनेही चढलं. पंधरा माणसांवरून जगाचा निवाडा करू नये, पण ‘डिकॅफ म्हणजे शून्य परिणाम’ हे सरसकट विधान निदान नवख्यांच्या बाबतीत तरी खरं नाही, इतकं म्हणता येतं. सगळ्यांत जपायचं ते गोळ्यांपासून आणि एनर्जी ड्रिंकच्या डब्यांपासून. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं, ते मोजायचं कोणाच्या लक्षात येत नाही.

तर मग आपण सरावलेल्या निम्म्यांत की न सरावलेल्या निम्म्यांत, हे कसं ओळखायचं? घरात दंडाला बांधायचं मशिन असेल तर ओळखता येतं. मनगटावरची मशिनं या कामासाठी बाजूला ठेवावीत, हात थोडा खालीवर झाला तरी त्यांचा आकडा बदलतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, बासष्ट वर्षांचे एक गृहस्थ आहेत, दिवसाला अम्लोडिपिनची 5 मिलिग्रॅमची एक गोळी चालू आहे आणि सकाळी मोठा मगभर कडक कॉफी घ्यायची जुनी सवय आहे. त्यांनी एका सकाळी साडेसातला, कॉफीच्या आधी, बीपी मोजलं. 134/82 आलं. मग नेहमीची कॉफी घेतली. अर्ध्या तासाने 139/86, एका तासाने 143/88, दोन तासांनी 141/87 आणि तीन तासांनी 136/84. इथेच निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो आवरायचा. बीपी दिवसभर आपोआपही खालीवर होत असतं. जागं झाल्यावर पहिले काही तास तर ते एरवीही चढत असतं. त्यामुळे ही वाढ कॉफीची की सकाळची, हे एका दिवसाच्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

म्हणून दुसऱ्या एका सकाळी कॉफीऐवजी तेवढंच गरम दूध. उठायची वेळ तीच, गोळीची वेळ तीच, नाश्ता तोच. चहासुद्धा नको, कारण चहातही कॅफिन असतं, कपाला तीस-चाळीस मिलिग्रॅम तरी. त्या दिवशीचे आकडे आले 135/83, 133/82, 136/83, 132/81 आणि 133/82. आता तुलना करता येते. कॉफीच्या दिवशी तासाभरात वरचं बीपी 9 ने चढलं, दुधाच्या दिवशी 1 ने. फरक 8 चा. दोन्ही प्रकारचे आणखी दोन-तीन दिवस करून फरक तेवढाच राहिला, तर हे गृहस्थ जुनी सवय असूनही न सरावलेल्यांत मोडतात. फरक 2-3 पॉइंटचा निघाला, तर त्याकडे लक्ष द्यायचं कारण नाही, मशिन आणि माणूस दोघांचीही तेवढी चलबिचल असतेच. साधारणपणे 5 ते 10 पॉइंटची वाढ पुन्हापुन्हा दिसली, तर कॉफी आपल्याला लागते असं धरावं.

दुधाच्या दिवसात एक खोच आहे. रोज कॉफी पिणाऱ्याने ती अचानक बंद केली, की बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं, अंग जड होतं, चिडचिड होते. ठणकणारं डोकं घेऊन मोजलेलं बीपी खरं कसं मानायचं? त्यामुळे चाचणीच्या दिवशी कॉफी कायमची सोडायची नाही, फक्त तीन तास पुढे ढकलायची. शेवटचा आकडा लिहिला की कप हातात घ्यायला हरकत नाही. ज्यांना कॉफी खरोखरच कमी करायची आहे, त्यांनीही दर दोन-तीन दिवसांनी थोडी थोडी उतरवावी. एकादशीच्या कडक उपासाला सकाळपासून काही न घेणाऱ्या अनेकींचं डोकं दुपारी ठणकतं. त्याचं खापर पित्तावर फोडलं जातं. अशा प्रत्येक डोकेदुखीत कॅफिनचा हात असेलच असं नाही, पण रोजचे दोन-तीन कप त्या दिवशी चुकलेले असतात, हे आठवून बघावं.

मोजण्याची पद्धत चुकली, तर हा सगळा खटाटोप वाया जातो. मोजायच्या आधी लघवीला जाऊन यावं. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, एकावर एक न टाकता पाच मिनिटं गप्प बसावं. पट्टा बाहीवर नाही, उघड्या दंडावर, आणि दंड छातीच्या पातळीला टेबलावर टेकलेला. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहावी. तिसऱ्यांदा मोजायचं ते दोन आकड्यांत फार अंतर असेल तरच, नाहीतर मनासारखा आकडा येईपर्यंत मोजत राहायची सवय लागते. एरवीच्या, म्हणजे चाचणीच्या नसलेल्या मोजणीआधी अर्धा तास कॉफी, चहा, सिगारेट किंवा व्यायाम नको, असं बहुतेक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. माझं मत विचाराल तर हा अर्धा तास अपुरा आहे. कॉफीचा परिणाम तर एका तासाला भरात असतो. अर्ध्या तासाची शिस्त पाळून नेमक्या चढत्या वेळी पट्टा बांधायचा, असं होतं. रोजची नोंद ठेवायची असेल तर उठल्यावर, कॉफीच्या आणि गोळीच्या आधी मोजावं. घरच्या नोंदींसाठी रेघ 135/85 धरतात, दवाखान्यातल्या 140/90 पेक्षा थोडी खाली.

मात्र सकाळचा, कॉफीआधीचा आकडा चांगला आला म्हणून दिवसातले चार मग माफ झाले, असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये वयस्कर लोकांना चोवीस तास बीपी मोजणारं यंत्र बांधून 1999 मध्ये एक अभ्यास झाला. आधीच उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी ज्यांनी कॉफी चालू ठेवली, त्यांचं दिवसभराचं सरासरी वरचं बीपी कॉफी सोडलेल्यांपेक्षा जवळजवळ 5 पॉइंटने जास्त होतं. ज्यांचं बीपी नॉर्मल होतं, त्यांच्यात असा फरक दिसला नाही. सुरुवातीला सांगितलेल्या दोन आठवड्यांच्या प्रयोगांशी हे जुळत नाही. पण वय, आधीचं बीपी आणि कप किती तासांनी घेतला, हे सगळं बदललं की निकालही थोडे बदलतात. म्हणूनच स्वतःचे आकडे स्वतः लिहिण्याला किंमत आहे.

चाचणीत कॉफी लागते असं निघालं, तरी बहुतेकांना ती सोडायची गरज पडत नाही. मगाच्या जागी कप, दोन कपांमध्ये चार-पाच तासांचं अंतर, चिकोरी जास्त असलेली पूड, आणि तपासणीच्या दिवशी कप तपासणीनंतर. एवढ्याने बऱ्याच जणांचं भागतं. चिकोरी वाढवलेली कॉफी ही खरी कॉफी नव्हे, असं फिल्टरचे भक्त म्हणतील. म्हणोत. त्या गृहस्थांनी मगाची मात्रा अर्धी केली आणि पुन्हा तीच चाचणी घेतली, तर फरक किती उतरला ते त्यांना वहीतच दिसेल. आकडे बघून गोळी मात्र स्वतःहून कमी-जास्त करायची नाही. वही डॉक्टरांना दाखवायची आणि प्रत्येक आकड्यापुढे शेवटचा कप किती वाजता घेतला तेही लिहायचं.

एका गटाला मात्र सवलत नाही. जपानमध्ये साडेअठरा हजारांहून जास्त लोकांचा जवळजवळ एकोणीस वर्षं पाठपुरावा करून 2022 च्या अखेरीस एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांचं बीपी 160/100 किंवा त्याहून जास्त होतं आणि जे दिवसाला दोन किंवा जास्त कप कॉफी पीत होते, त्यांच्यात हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने मृत्यू होण्याचं प्रमाण कॉफी न पिणाऱ्यांच्या दुपटीच्या आसपास होतं. एक कप पिणाऱ्यांत तशी वाढ दिसली नाही. बीपी याहून कमी असणाऱ्यांत कॉफीने असा धोका वाढलेला दिसला नाही. ग्रीन टी पिणाऱ्यांत तर कोणत्याच गटात तो दिसला नाही, तिच्यात कॅफिन असूनही. अशा पाठपुराव्यातून कॉफीनेच मृत्यू ओढवला असं सिद्ध होत नाही. पण तुमचं बीपी गोळी चालू असतानाही 160/100 च्या वर राहत असेल, तर ते खाली येईपर्यंत दिवसाला एकच कप घ्या. आणि आकडा 180/120 च्या वर असताना छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, नजर अंधुक होत असेल किंवा हातापायातली शक्ती गेल्यासारखं वाटत असेल, तर कॉफीला दोष देत उतरण्याची वाट पाहू नका, तडक हॉस्पिटल गाठा.